शेवटच्या माणसाकडे जाण्याआधी

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तू जी भाषा टिपायला निघालीस ती अस्खलित बोलणाऱ्या एकच आजी उरल्यात, त्यांच्याकडे रेकॉर्डर घेऊन जायचंय आणि त्यासाठी दोन हजार शब्दांची यादी करतेयस, असं लिहिलंस. यादी कर, पण ती पिशवीच्या तळाशी ठेव. का, ते सांगायला मला उबिख भाषेची गोष्ट सांगावी लागेल. जरा लांबण लागेल.

उबिख लोक काळ्या समुद्राच्या काठी, आजच्या सोचीच्या आसपास राहायचे. 1864 मध्ये रशियाने कॉकेशसचा तो भाग जिंकला आणि जवळजवळ सगळा समाज ऑटोमन साम्राज्यात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात निघून गेला. तिथे ते विखुरले, बरेचदा कॉकेशसमधूनच आलेल्या चर्केस लोकांच्या शेजारी. चर्केस भाषा त्यांना आधीपासूनच येत होती. मग घराबाहेर चर्केस आणि कचेरीत तुर्की असं सुरू झालं. पोरांशी उबिख बोलायची गरज हळूहळू कुणालाच उरली नाही. कुणी बंदी घातली म्हणून भाषा गेली, असं आपल्याला वाटतं, आणि बंदीने भाषा गेल्याही आहेत. पण बहुतेक वेळा घरातलेच लोक अगदी शहाणपणाने, पोरांचं भलं व्हावं म्हणून दुसरी भाषा निवडतात. त्यांना दोष देत बसू नकोस. आजींच्या मुलांना तर मुळीच नको.

उबिख अस्खलित बोलणारे शेवटचे माणूस म्हणजे तेवफिक एसेंच, जन्म 1904 चा. ते आजी-आजोबांजवळ वाढले, म्हणून त्यांना जुनी, भरघोस उबिख मिळाली. त्यांच्या वयाच्या कितीतरी जणांना ती मिळाली नाही. पुढे त्यांच्या स्वतःच्या मुलांना बापाशी उबिखमध्ये गप्पा मारता येत नव्हत्या. 7 ऑक्टोबर 1992 ला एसेंच वारले आणि भाषेच्या मृत्यूची तीच तारीख सगळीकडे छापली गेली. मला ती तारीख पटत नाही. ज्या दिवशी उबिखमध्ये चेष्टामस्करी करायला, भांडायला समोर दुसरं माणूस उरलं नाही, त्या दिवशीच बोलणं संपलं होतं. पुढे उरली ती एका माणसाच्या डोक्यातली भाषा. म्हणून भाषेची तब्येत पाहताना किती जण बोलतात हे विचारण्याआधी, बोलणाऱ्यांत सगळ्यांत लहान कोण, ते विचार. तो साठीचा असेल, तर हजारोंची संख्या ऐकून निर्धास्त होऊ नये.

एसेंच यांच्या बाबतीत मात्र नशीब बलवत्तर होतं. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज दुमेझिल यांनी त्यांच्यासोबत वर्षानुवर्षं काम केलं, नॉर्वेचे भाषाशास्त्रज्ञ हान्स फोग्ट यांचा उबिख कोश 1963 मध्ये निघाला. एसेंच यांची स्मरणशक्ती जबर होती आणि भाषेच्या शुद्धतेबाबत ते काटेकोर होते. म्हणून आज आपल्याला माहीत आहे, की उबिखमध्ये 84 व्यंजनं होती आणि मूळ स्वर फक्त दोन. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च आपण वेगळे उच्चारतो ना? तसे भेद तिथे आणखी बारीक होते. शिवाय तेच व्यंजन ओठांचा चंबू करून उच्चारलं की कित्येकदा वेगळं व्यंजन ठरायचं. माणसाच्या तोंडाला आणि कानाला एवढं पेलतं, हे एरवी कुणी मानलं नसतं.

आता यातली मेख बघ. तुर्कस्तानातल्या काराजालार गावच्या, उबिख बोलणाऱ्या दुसऱ्या एका माणसाची बोली दुमेझिल यांनी तपासली. व्याकरण जवळपास तेच, पण ध्वनी साधारण 62 वर आलेले. कितीतरी भेद एकमेकांत मिसळून गेले होते. म्हणजे आपण ‘उबिख’ म्हणून जे शिकवतो, ते मुख्यतः एसेंच यांचं उबिख आहे. हा दुसरा माणूस भेटला नसता, तर भाषेत दोन तऱ्हा होत्या हेच कळलं नसतं. एकाच माणसाकडून घेतलेल्या नोंदीत समाजाची भाषा कुठे संपते आणि त्या माणसाची लकब कुठे सुरू होते, ते सांगता येत नाही.

याचं टोक पाहायचं तर क्रोएशियातल्या क्रक बेटावरचे तुओने उदायना आहेत, दाल्मेशियन भाषेचे शेवटचे जाणकार. भाषाशास्त्रज्ञ मात्तेओ बार्तोली 1897 मध्ये त्यांच्याकडे गेले तेव्हा उदायनांना ऐकू येत नव्हतं, तोंडात दात नव्हते, आणि ती भाषा त्यांनी जवळजवळ वीस वर्षं बोलली नव्हती. मुळात ती त्यांनी घरातल्या मोठ्यांचं आपापसातलं बोलणं कानावर पडून उचललेली. दुसऱ्याच वर्षी ते गेले. बार्तोलींनी सुमारे 2,800 शब्द टिपले, उपकारच आहेत त्यांचे. पण एखादा उच्चार वेगळा दिसला तर तो भाषेचा, विसराळूपणाचा की दात नसल्याचा, हे आता कुणाला विचारणार?

हे विचारता येणंच शेवटच्या माणसाबरोबर जातं. ध्वनिफिती कितीही असोत, काय म्हणतात एवढंच त्यांतून कळतं. काय म्हणत नाहीत, ते त्यांत नसतं. समज, मराठी संपली आणि तुझ्याकडे फक्त फिती आहेत. त्यांत ‘त्याने धडा वाचला’, ‘त्याने धडा लिहिला’, ‘त्याने धडा पाहिला’ अशी शेकडो वाक्यं सापडली. त्यावरून तू नियम बांधशील आणि ‘त्याने धडा शिकला’ असं बेधडक लिहून मोकळी होशील. जिवंत माणूस तिथल्या तिथे म्हणाला असता, ‘छे, तो धडा शिकला.’ का, ते त्याला सांगता आलं नसतं, पण कानाला खटकलं असतं. तो खटका कुठल्याही कोशात नोंदलेला नसतो. फितीत एखादं रूप एकदाच आलं, तर ते दुर्मिळ आहे, जीभ घसरली आहे की मुद्दाम केलेली थट्टा आहे, हेही तोच कान सांगतो.

तेव्हा आजींकडे गेलीस की मुद्दाम चुकीचं बोल. आधी त्यांच्या चार-पाच गोष्टी टिपून घे, मग त्यांतलं एकेक वाक्य थोडं मोडून त्यांच्यापुढे टाक. कर्ता बदल, काळ बदल, शब्दांचा क्रम हलव. त्या हसल्या, चिडल्या, ‘असं नाही गं’ म्हणाल्या, तर रेकॉर्डर चालू ठेव आणि दुरुस्ती पूर्ण ऐक. एक खबरदारी घे. म्हातारी माणसं पाहुण्याला दुखवत नाहीत, तुझं चुकलेलंही ‘हो, हो’ म्हणून सोडून देतात. म्हणून तेच वाक्य चार दिवसांनी पुन्हा विचार, आणि अधूनमधून ढळढळीत चूक घाल. तीही चालली, तर त्या दिवशीचे होकार बाजूला ठेव. थकव्याने असेल, संकोचाने असेल.

आणि एकट्या आजींना धरून बसू नकोस. घरात किंवा शेजारी असं कुणी आहे का बघ, ज्याला ‘येत नाही’ म्हणतात पण आजींच्या विनोदावर जो बरोबर जागी हसतो. भाषाशास्त्रज्ञ नॅन्सी डोरियन यांनी स्कॉटलंडच्या ईस्ट सदरलंडमध्ये कोळ्यांच्या गावांत तिथल्या जुन्या गेलिक भाषेचा अभ्यास केला. तिथे त्यांना असे अर्धवट बोलणारे भेटले. बोलताना व्याकरण डळमळायचं, पण समज जवळपास पूर्ण, आणि कुणाला, कुठे, काय बोलायचं याचं भान पक्कं. शिरगणतीत ही माणसं सुटतात, कारण ती स्वतःच ‘आम्हाला कुठं येतं’ म्हणतात. अशा एखाद्याला आजींसमोर बसव आणि तू मधे पडू नकोस. आजी त्याला टोकतील, तो उलट काहीतरी म्हणेल. तुझ्या प्रश्नांनी जे बाहेर येणार नाही, ते त्यात येईल: सवाल-जवाब, टोमणे, अर्ध्यावर तोडलेली वाक्यं. उच्चार टिपायला मात्र आजींचंच बोलणं धर.

शब्दांची यादी शेवटच्या दिवसांत काढ. तोवर निम्मे शब्द आपोआप आलेले असतील, राहिलेले विचारून घे. पहिल्या आठवड्याच्या फिती ऐकल्यास की कळव.

तुझा,
मास्तर