नानांबद्दल मला काहीच माहीत नाही

"आमच्या क्लार्क नानांचा निरोप समारंभ आहे. हेडमास्तर म्हणाले, दोन शब्द बोला. बास, एवढंच! मला शाळेत येऊन दहा महिने झालेत, नानांबद्दल काहीच माहीत नाही. बोलू काय?"

जून उजाडला की ही धास्ती घेऊन कोणी ना कोणी येतंच. १ जून ही आपल्याकडे निम्म्या गावाची जन्मतारीख, मास्तरांनी दाखल करताना घातलेली. अशा लिपिकाला ५८ पूर्ण होतात आणि सेवा ३१ मेला संपते. तेव्हा शाळेला सुट्टी, म्हणून समारंभ शाळा उघडल्यावर, पावसात.

रत्नागिरीकडच्या या बाईंनी कागद आणला होता. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, शाळेचा कणा. मी म्हटलं, "नानांच्या जागी शिपाईमामांचं नाव घालून वाचा."

त्यांनी वाचलं. "बसतंय की!"

"मग हे नानांचं नव्हे. त्यांच्या टेबलापाशी तुम्ही कधी उभ्या होतात?"

बराच वेळ त्या गप्प होत्या. मीही. (ही गप्प बसायची सवय मला फार उशिरा लागली.) मग म्हणाल्या, "गणपतीच्या सुट्टीआधी माझी सेवापुस्तकावर सही घ्यायची होती. तेवढ्यात मुंबईचे एक काका दाखल्याची दुसरी प्रत मागायला आले. शाळा कधी सोडली ते साल त्यांना आठवेना. नाना म्हणाले, 'साल ऱ्हाऊ दे, बाकावर शेजारी कोण बसायचा ते सांग.' नाव ऐकलं, उठले आणि थेट तिसरं जनरल रजिस्टर काढलं. पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिकात गुंडाळलेलं."

"आणि म्हणे काहीच माहीत नाही!"

माझा अनुभव सांगतो, यांना माईकची भीती नसते. न पाहिलेलं पाहिल्यासारखं बोलावं लागेल, याची असते. म्हणून पहिलं वाक्य कबुलीचं ठेवा. मग डोळ्यांनी पाहिलेला एकच प्रसंग, आणि शेवटी थेट त्यांच्याकडे बघून एक वाक्य. दोन मिनिटांत, दीडदोनशे शब्दांत होतं. नोकरीची वर्षं अंदाजाने सांगू नका. ज्याने जन्मभर तारखा तपासल्या, त्याच्या कानाला ती चूक पहिली लागते. पेन्शनच्या कागदांवरून विनोद नको, ते अजून अडकलेले असू शकतात.

बाईंनी लिहिलं ते असं:

"मी इथली सगळ्यात नवी, त्यामुळे नानांच्या नोकरीबद्दल बोलायचा हक्क इतरांचा. मी एकच दुपार सांगते." मग तो प्रसंग, जसाच्या तसा. आणि शेवट: "नाना, त्या काकांना स्वतःचं साल आठवत नव्हतं, तुम्हाला त्यांचा बाक सापडला. रजिस्टर आता आम्ही प्लास्टिकात ठेवू."

समारंभानंतर त्यांचा फोन आला. उत्तराच्या भाषणाला नाना उभे राहिले, चष्मा पुसला आणि आधी म्हणाले, "बाईंनी छान सांगितलं. फक्त रजिस्टर तिसरं नव्हे, चौथं."