भाची, मामा आणि 1 जून

"बहिणीचे यजमान गेले. तिची मुलगी आम्ही दत्तक घेतोय. वडील मुलीपेक्षा 21 वर्षांनी मोठे लागतात म्हणे. माझा जन्म 1992 चा, तिचा 2013 चा. बसतं ना? नाही तर थोडं थांबू का?"

नुसती सालं वजा करू नका, पूर्ण तारखा सांगा, असं मी म्हटलं. मामा 1 जून 1992, भाची 20 एप्रिल 2013. मामांना 21 वर्षं पूर्ण झाली 1 जून 2013 ला. मुलगी त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेली हवी होती. ती 42 दिवस आधीच आली. अंतर भरलं 20 वर्षं, 10 महिने, 19 दिवस. मी दरवेळी असंच करते: मोठ्याचा एकविसावा वाढदिवस काढायचा आणि मुलाची जन्मतारीख त्याच्या अलीकडे पडते की पलीकडे, ते बघायचं. दिवस मोजून 365 ने भागलं की लीप वर्षं घोळ घालतात.

थांबून काही होत नाही. दोघांचं वय एकाच वेगाने वाढतं, फरक तेवढाच राहतो. उलट 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यात मूल 15 वर्षांच्या आतलं लागतं (रूढी वेगळी असेल तर गोष्ट निराळी), म्हणजे थांबण्यात तोटाच. शिवाय 21 वर्षांची ही अट पुरुष मुलगी घेतो किंवा स्त्री मुलगा घेते तेव्हाच आहे. भाचा असता तर मामांना हा हिशेब करावाच लागला नसता.

मला खटकली ती 1 जून. आपल्याकडे गुरुजींनी शाळेत घालताना लिहिलेल्या 1 जूनने अर्धं गाव एकाच दिवशी जन्मलेलं असतं! विचारल्यावर आजी म्हणाल्या, "छे, हा शिवरात्रीच्या आठवड्यातला." ग्रामपंचायतीच्या जुन्या जन्मनोंदीत 7 मार्च 1992 निघाली. त्या तारखेने अंतर 21 वर्षं, 1 महिना, 13 दिवस होतं. पण दाखला, आधार, पॅन सगळीकडे 1 जून. आधी ते दुरुस्त न करता दत्तकपत्र नोंदवलं, तर पुढे वारसाहक्काच्या भांडणात कुणीही तेवढ्यावरच बोट ठेवेल. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर मी तरी विसंबणार नाही.

म्हणून मी दुसरी वाट सुचवली: बाल न्याय कायद्याखालचं नात्यातलं दत्तक. 'कारा' या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या नियमांत एरवी 25 वर्षांचं अंतर लागतं, म्हणजे आणखी कडक. पण नात्यातल्या दत्तकाला वयाचे निकष लागू नाहीत, आणि कायद्याच्या व्याख्येत मामा-मामी नातेवाईकच आहेत. पोर्टलवर नोंदणी, जिल्हा बाल संरक्षण कक्षाची पडताळणी, मग जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. वेळ जास्त लागतो, पण 1 जूनला हात लावावा लागत नाही.

त्यात पाच वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमतीही घेतात. मामांनी भाचीला अजून विचारलंच नव्हतं. पुढच्या भेटीला तिला घेऊन या, म्हटलं.