ताठरतेच्या तक्रारीसाठी डॉक्टरांना पत्रात काय लिहावं?

प्रश्न: लिंगाची ताठरता टिकत नाही. समोर बोलायला अवघड वाटतं, म्हणून डॉक्टरांना आधीच पत्र द्यायचंय. काय लिहू?

त्रास कधी सुरू झाला आणि कोणती गोळी कधीपासून चालू आहे, हे एकाखाली एक लिहा. मी फार्मासिस्ट आहे. रक्तदाबाच्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी ताठरता कमी होते, आणि ते तारखांवरूनच लक्षात येतं. नमुना असा:

"वय 52. आठ महिन्यांपासून ताठरता येते, पण मध्येच जाते. पहाटे आपोआप यायची, तीही आता क्वचित. इच्छा पूर्वीसारखीच. मधुमेह 6 वर्षं. रक्तदाबासाठी अ‍ॅटेनोलॉल 50 मिग्रॅ दहा महिन्यांपासून. ही गोळी बदलता येईल का? हृदयाची तपासणी लागेल का?"

पहाटेचं वाक्य लाजून गाळू नका. पहाटे नीट येत असेल तर कारण बहुधा मनावरच्या ताणात असतं. तीही कमी झाली असेल तर डॉक्टर रक्तवाहिन्या, नसा, औषधं तपासतात. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी असेल, तर ती सगळ्यात वर लिहा, कारण ताठरतेसाठी दिल्या जाणाऱ्या सिल्डेनाफिल या गोळीसोबत तिने रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो. गुपचूप घेतलेली सिल्डेनाफिलही लिहा. मात्र तारखा जुळल्या तरी अ‍ॅटेनोलॉल स्वतःहून बंद करू नका. एकदम थांबवल्यास हृदयावर ताण येतो.