चुकलेल्या पासवर्डच्या पाच ओळी

"मॅडम, शेवटचं वर्ष सुरू आहे. सिक्युरिटीचे दोन कोर्स केलेत, रेझ्युमेवर सहा टूल्स आहेत. तरी सिक्युरिटी अ‍ॅनालिस्टच्या एका ड्राइव्हला अ‍ॅप्टिट्यूडमध्ये उडालो आणि दुसऱ्याला टेक्निकलमध्ये. आता अजून कोणता कोर्स करू?"

सध्या कोणताच नको. आधी एका मुलाची गोष्ट ऐक. त्याला आपण निखिल म्हणू. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याची अवस्था जवळपास अशीच होती.

अ‍ॅप्टिट्यूडचं आधी उरकते, कारण तिथला आजार साधा निघाला. मी त्याला समोर बसवून 20 प्रश्नांची चाचणी दिली आणि घड्याळ लावून प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ लिहीत गेले. गणित त्याला येत होतं. पण गोल टेबलाभोवती आठ माणसं बसवायच्या एका कोड्यावर त्याने साडेसहा मिनिटं घालवली आणि शेवटच्या पाच प्रश्नांपर्यंत तो पोहोचलाच नाही. त्यातले तीन त्याला सहज येणारे होते. बऱ्याच कंपन्यांच्या चाचणीत प्रत्येक विभागाचा वेळ आणि कटऑफ वेगळा असतो, त्यामुळे एका विभागात बुडालेलं दुसऱ्यात भरून निघत नाही. नियम एवढाच ठरवला: दीड मिनिटात वाट दिसली नाही तर पुढे जायचं. सोडवण्याची पद्धतही थोडी बदलली. एक नळ टाकी 12 तासांत भरतो, दुसरा 18 तासांत, तर दोन्ही मिळून किती वेळात? तो अपूर्णांकांच्या बेरजा करत बसायचा. त्याऐवजी टाकी 36 बादल्यांची धर. पहिला नळ तासाला 3 बादल्या, दुसरा 2, मिळून 5. 36 भागिले 5, म्हणजे 7 तास 12 मिनिटं. रोज अशी 20 गणितं, वेळ लावून, तीन आठवडे. तेवढ्यावर ती फेरी सुटली.

खरी गोची टेक्निकलची होती. काय विचारलं होतं, असं मी विचारल्यावर तो म्हणाला, "मॅडम, सोप्पं होतं, तरी घेतलं नाही." इंटरव्ह्यूमध्ये त्याच्यापुढे विंडोजच्या लॉगच्या साधारण अशा पाच ओळी ठेवल्या होत्या:

```
02:14:05 4625 emp1041 10.20.4.57 type=3 0xC000006A
02:14:07 4625 emp1042 10.20.4.57 type=3 0xC000006A
02:14:09 4625 emp1043 10.20.4.57 type=3 0xC000006A
02:14:11 4625 emp1044 10.20.4.57 type=3 0xC000006A
02:14:13 4624 emp1045 10.20.4.57 type=3
```

निखिलचं उत्तर: "ब्रूट फोर्स आहे. फायरवॉलवर आयपी ब्लॉक करीन." मी सर्व्हिस कंपनीच्या एसओसीत, म्हणजे क्लायंटच्या सिक्युरिटीवर नजर ठेवणाऱ्या टीममध्ये, काही वर्षं शिफ्ट केल्या आहेत. हे उत्तर ऐकून समोरच्याचा चेहरा कसा झाला असेल ते मला न बघता कळलं.

आम्ही त्या पाच ओळींवर दीड तास बसलो. 4625 म्हणजे लॉगिन फसलं, 4624 म्हणजे जमलं. हे त्याला पाठ होतं, पण पुढचं त्याने वाचलंच नव्हतं. एकाच खात्यावर शंभर पासवर्ड मारले असते तर तो त्याने सांगितलेला साधा ब्रूट फोर्स. इथे दर वेळी खातं वेगळं आहे आणि प्रत्येकावर एकच प्रयत्न. खातं लॉक होऊ नये म्हणून एखादाच नेहमीचा पासवर्ड सगळ्यांवर फिरवून बघतात, त्याला पासवर्ड स्प्रेइंग म्हणतात. शेवटचा कोडही बोलतो. `0xC000006A` म्हणजे युजरचं नाव बरोबर, पासवर्ड चूक. नावच अस्तित्वात नसतं तर `0xC0000064` दिसलं असतं. म्हणजे खात्यांची यादी समोरच्याच्या हातात आधीच आहे.

आणि 10 पासून सुरू होणारा पत्ता खासगी असतो. हे मशीन आतलंच आहे! बाहेरच्या फायरवॉलवर ते ब्लॉक करून काय साधणार?

"मग हल्लाच आहे ना?" निखिल. तसंही लगेच म्हणायचं नाही. ते मशीन कोणाचं, हे अ‍ॅसेट लिस्टमध्ये आधी बघायचं. तो व्हल्नरेबिलिटी स्कॅनर असू शकतो, किंवा बरेच लोक जिथून आत शिरतात असा सर्व्हर. रोज रात्री सव्वादोनला हेच घडतं का, तेही बघायचं. यातलं काहीच जुळलं नाही, तर सगळ्यात महत्त्वाची ओळ पाचवी. emp1045 आत शिरला. त्यानंतर त्या खात्याने काय केलं, कुठे गेलं, हे गोळा करून तिकीट एल-टूकडे, म्हणजे वरच्या पातळीच्या अ‍ॅनालिस्टकडे, पाठवायचं. पहिल्या पातळीवरच्या एल-वनला बहुतेक ठिकाणी मशीन नेटवर्कवरून तोडण्याची किंवा खातं बंद करण्याची परवानगी नसते, ती क्लायंटच्या प्लेबुकवर ठरते. "मी ब्लॉक करीन" हे उत्तर म्हणूनच खटकतं. क्लायंटचं चालू काम बंद पाडणारा फ्रेशर कोणालाच नको असतो.

मग मी त्याला रेझ्युमेवरची चार टूल्स खोडायला लावली. नाव ऐकलंय पण उघडून दाखवता येत नाही, असं काही ठेवायचं नाही. नंतर घरचं काम दिलं. लॅपटॉपवर विंडोजची दोन व्हर्च्युअल मशीन टाक, मुद्दाम चुकीचे पासवर्ड मार आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये काय उमटतं ते वहीत लिही.

दुसऱ्या दिवशी फोन. "मॅडम, 4625 येतच नाहीये." त्याच्या मशीनवर फसलेल्या लॉगिनची नोंद ठेवणंच बंद होतं. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ते असं तपासायचं आणि सुरू करायचं:

```
auditpol /get /subcategory:"Logon"
auditpol /set /subcategory:"Logon" /failure:enable
```

मग नोंदी यायला लागल्या. कीबोर्डवरून चुकलं की लॉगिनचा टाइप 2, शेअर केलेल्या फोल्डरला चुकलं की टाइप 3. रिमोट डेस्कटॉपला टाइप 10 येईल असं त्याने पाठ केलं होतं, पण फसलेल्या प्रयत्नाला 3 आलं. त्याला वाटलं आपलंच काही बिघडलं. बिघडलं नव्हतं. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन चालू असलं की डेस्कटॉप उघडायच्या आधीच पासवर्ड नेटवर्कवरून तपासला जातो, म्हणून फसलेला प्रयत्न टाइप 3 म्हणून नोंदला जातो. 10 दिसतो तो आत शिरल्यावर. पाठांतराच्या नोट्समध्ये हे सहसा सापडत नाही.

पुढच्या ड्राइव्हला त्याला विचारलं, "रिमोट डेस्कटॉपवरचे फसलेले प्रयत्न शोधायला कोणता टाइप फिल्टर कराल?" बाकीची मुलं 10 म्हणून मोकळी झाली असणार. निखिलने 3 आणि 10 दोन्ही सांगितले आणि घरी काय दिसलं तेही सांगितलं. त्यानंतर कर्बरॉसबद्दल, म्हणजे डोमेनमध्ये लॉगिन तपासायच्या पद्धतीबद्दल, प्रश्न आला. "डोमेन कंट्रोलर मी अजून उभा केलेला नाही, त्यामुळे त्याचे लॉग पाहिलेले नाहीत," असं तो सरळ म्हणाला. पॅनेलने पुढचा प्रश्न टाकला: "रात्री अडीच वाजता हे दिसलं आणि एल-टू फोन उचलत नाही. मग?"

"एस्कलेशन मॅट्रिक्समधल्या पुढच्या नावाला फोन करीन आणि दोन्ही फोनची वेळ तिकिटात लिहीन."

मग त्यांनी विचारलं, रोटेशनल शिफ्ट चालेल का.