रात्री साडेअकराचा मेसेज

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत नवीन लागलास, म्हणून सांगतो. साहेबांचा रात्री साडेअकराला मेसेज येतो, "आज किती कास्टिंग रिजेक्ट झाली?" तू अंथरुणातून उठून वही शोधतोस, पूर्ण हिशोब टाइप करतोस. असं दोन-तीनदा केलंस की साडेअकरा हीच तुझी वेळ ठरते.

एवढंच लिही: "साहेब, मेसेज बघितला. सकाळी ८ ला वही बघून आकडा देतो." आणि सव्वाआठच्या आत दे. सकाळचा शब्द एकदा चुकला की साहेब परत रात्रीच विचारणार, आणि त्यात त्यांची चूक नाही.

मग दुपारी, भट्टीजवळ नव्हे, केबिनमध्ये निवांत बोल: "रात्री १० नंतर मेसेज दिसेलच असं नाही. मशीन बंद पडली, कुणाला लागलं, तर थेट फोन करा, मी उचलतो." तो फोन मात्र खरंच उचलायचा.

मी नंतर घरी निघायच्या आधीच ग्रुपवर तीन ओळी टाकू लागलो: माल किती, रिजेक्ट किती, अडलंय काय. साहेबांना सकाळी मालकांना तेच सांगायचं असायचं. माझे रात्रीचे निम्मे मेसेज त्यानेच थांबले.