प्रायव्हसी पॉलिसी आणि व्हेंडरच्या करारात नेमकं काय तपासायचं?

प्रश्न: आमचं डब्यांचं छोटं अ‍ॅप आहे. ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर मेसेज पाठवणाऱ्या कंपनीकडे जातात. पॉलिसी आणि करार तपासताना काय पाहू?

उत्तर: आधी करार उघडा, पॉलिसी नंतर. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार व्हेंडरकडून चूक झाली तरी जबाबदारी तुमचीच राहते, करारात काहीही लिहिलेलं असो.

सगळ्यात जास्त घोळ डेटा फुटल्यावर कळवण्याच्या कलमात असतो. मी तपासलेल्या एका स्टार्टअपच्या करारात व्हेंडर 'वाजवी वेळेत' कळवेल, एवढंच होतं. २०२५ च्या नियमांप्रमाणे डेटा फुटल्याचं कळताच तुम्ही ग्राहकांना आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब सांगायचं असतं, आणि मंडळाला सविस्तर माहिती ७२ तासांत द्यायची असते. व्हेंडरने आठवडाभराने सांगितलं, तर तोवर ग्राहक बेसावध राहतात. आम्ही तिथे '२४ तासांत, लेखी' असं घालून घेतलं. ही मुख्य बंधनं मे २०२७ पासून लागू होणार असली तरी आज सही होणारे करार तेव्हाही चालूच असतील.

मग पॉलिसी शेजारी ठेवून वाचा. त्याच स्टार्टअपच्या पॉलिसीत 'खातं बंद केल्यावर माहिती पुसतो' असं होतं, पण करारात व्हेंडरने ती पुसण्याबद्दल अक्षरही नव्हतं. म्हणजे पत्ते तिकडे तसेच पडून राहणार होते. पुसण्याची मुदत आणि पुसल्याचं लेखी कळवणं, दोन्ही करारात मागून घ्या.