जाऊबाईंची तारेची घासणी

प्रश्न: दूध करपून काळा थर बसलाय, स्टीलच्या गंजात आणि नॉन-स्टिक पॅनमध्येही. ओरखडे न पडता कसा काढायचा?

तारेची घासणी आधी बाजूला ठेवा. आमच्या घरचं भांडण तिच्यावरूनच झालं होतं.

कोजागिरीला गच्चीवर चार लिटर मसाला दूध होतं. ढवळायचं काम ह्यांच्याकडे होतं, म्हणजे कोणाकडेच नव्हतं. गंजाच्या बुडाला तळहाताएवढा काळा चट्टा. सकाळी मी उठायच्या आत जाऊबाईंनी तारेने घासून तो गंज "चकाचक" केला होता. उजेडात धरला तर बुडाला गोल गोल ओरखडे. तेव्हापासून त्या गंजात दूध नेमकं तिथेच लागतं. जाऊबाई अजून म्हणतात, "भांडंच हलकं होतं." नाही जाऊबाई, भांडं चांगलं होतं.

मी करते ते असं. गंज पूर्ण थंड होऊ द्यायचा. करपलेलं झाकेल इतकं पाणी घालायचं, लिटरभर पाण्याला दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा. मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकळू द्यायचं. पाणी चहासारखं तपकिरी झालं आणि थराच्या कडा वर वळायला लागल्या की समजायचं सुटतंय. गॅस बंद करून तासभर तसंच ठेवायचं, मग लाकडी सराट्याने हलकेच सरकवायचं. पापुद्रेच्या पापुद्रे निघतात. तरी चिकटून राहिलंच तर जोर लावू नका, पुन्हा सोड्याचं पाणी उकळा.

आधी लिंबू-विनेगर ओतायचा सल्ला देणाऱ्यांचं मला नवल वाटतं. बुडाला चिकटलंय ते मुख्यतः दुधातलं प्रथिन. आंबटाने दूध फाटतं, म्हणजे प्रथिन आणखी गोळा होतं, सोड्याने ते सैल पडतं. दोन्ही एकत्र घातले तर फेस भरपूर येतो आणि दोघांचाही जोर जातो. थर निघाल्यावर पांढुरकी झाक राहिली तर तिच्यासाठी विनेगर ठीक.

नॉन-स्टिकला तेवढं उकळायची गरज नसते. कोमट पाणी, चमचाभर सोडा, अर्धा तास भिजत, मग मऊ स्पंज. नाहीच सुटलं तर तेच पाणी पाच मिनिटं मंद आचेवर. लाकडी सराट्यानेही खरवडू नका. तापलेल्या पॅनमध्ये गार पाणी तर अजिबात नाही, बूड वाकतं आणि मग ते शेगडीवर डुगडुगतं.

हो, ॲल्युमिनियमच्या गंजाला हा सोडा वापरू नका, काळा पडेल. आणि नॉन-स्टिकचा लेप आधीच सुटत असेल तर साफ करत बसू नका, तो पॅन टाकून द्या.

दूध तापवण्याआधी गंज पाण्याने विसळून ओलाच ठेवला तर कमी लागतं, हे मात्र जाऊबाईंनीच शिकवलं. तेवढं त्यांचं मान्य. घासणी मी माळ्यावर ठेवली आहे, त्या शोधून राहिल्या आहेत.